मेल ‘सेंट’ दिसतो, पण पोचत नाही? या चुका टाळा

उद्यमबागेतल्या एका मशिनशॉपच्या मालकांचा सकाळी साडेनऊला फोन आला. "अवो, कोटेशन पाठवून तीन दिवस झालं. पुण्याचे लोक मिळालंच नाही म्हणूल्यात. आमच्याकडं तर सेंट म्हणून दाखवूलाय. आणि मजा बघा, बिलं मात्र त्यांनाच बरोबर पोचूल्यात. आता काय म्हणायचं ह्याला?"

बेळगावात मी पंधरा वर्षं ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि मेल सांभाळतोय. ‘मेल जात नाही’ हे आठवड्यातून दोनदा ऐकतो. पण बिलं पोचतात आणि कोटेशन पोचत नाही, तेही एकाच पत्त्यावर, हे जरा वेगळं होतं. त्या दिवशी तिथे जे सापडलं ते क्रमानं सांगतो. वाटेत ज्या चुका दिसल्या त्या नेहमीच्याच आहेत, निपाणीच्या दुकानातही होतात आणि खानापूरच्या शाळेतही.

‘सेंट’ला पोच समजू नका

मध्यवर्ती बसस्टँडवर पार्सल देऊन पावती घेतली म्हणून ते कोल्हापुरात पोचलं असं कोणी म्हणत नाही. मेलच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो.

पाठवा बटण दाबल्यावर मेल आधी तुमच्या यंत्रातल्या आउटबॉक्समध्ये येतो. तिथून तो तुमच्या मेल सेवेच्या सर्व्हरकडे जातो, बहुतेक वेळा 587 किंवा 465 क्रमांकाच्या पोर्टवरून आणि तुमचा पासवर्ड दाखवून. त्या सर्व्हरनं ‘घेतला’ म्हटलं की तुमच्या पडद्यावर ‘सेंट’ येतं. बस्स, इतकाच त्याचा अर्थ. मेल अजून पहिल्याच खिडकीवर आहे.

आता खरा प्रवास. तुमचा सर्व्हर मेल रांगेत लावतो आणि @ च्या पुढचं नाव, म्हणजे डोमेन, घेऊन डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावा-पत्त्यांच्या वहीला, विचारतो, ह्यांची टपाल कुठे घेतात? उत्तरात एमएक्स नोंदी येतात, म्हणजे समोरच्याचे मेल घेणाऱ्या सर्व्हरांची नावं. त्यातल्या एकाशी तो 25 क्रमांकाच्या पोर्टवर बोलतो: पाठवणारा हा, घेणारा तो, आणि हा मजकूर. समोरच्यानं `250` म्हटलं की जबाबदारी त्याच्याकडे गेली. मग त्याची चाळणी, आणि त्यानंतर इनबॉक्स, स्पॅम किंवा कुठलं तरी तिसरंच फोल्डर.

मोठ्या कंपन्यांत ह्या दोन टोकांच्या मध्येही एखादा रिले असतो. तो मेल घेतो, व्हायरस बघतो आणि पुढे ढकलतो. म्हणून ‘मेल मिळाला नाही’ ह्या एका वाक्यामागे निदान चार जागा असतात. आउटबॉक्स, तुमच्या सर्व्हरची रांग, त्यांच्या सर्व्हरचं दार आणि त्यांची चाळणी. ह्यातली जागा कोणती हे ठरवल्याशिवाय पासवर्ड बदलत बसणं, अ‍ॅप काढून परत टाकणं ह्यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही.

पहिली जागा तपासायला सगळ्यात सोपी. जांबोटी भागात रेंज येते-जाते. तिथून मोबाइलवर पाठवलेला मेल तासभर ‘क्यूड’ म्हणून पडून राहतो, कारण तो अजून फोनमधून बाहेरच पडलेला नसतो. उद्यमबागेत तसं काही नव्हतं. सेंट फोल्डरमध्ये तिन्ही कोटेशनं व्यवस्थित दिसत होती.

तिन्ही म्हणजे, एकच कोटेशन तीनदा.

परत आलेला मेल न वाचता उडवू नका

मी विचारलं, "परत काही आलं होतं का? इंग्रजीत, मेल डिलिव्हरी सबसिस्टम वगैरे नावानं?" ऑफिसात बसणारा पोरगा म्हणाला, "आलं होतं की. फसवायचं काय तर असेल म्हणून काढून टाकलं."

त्याला दोष तरी कसा द्यायचा? आपणच सगळ्यांना सांगतो, अनोळखी इंग्रजी मेल उघडू नका म्हणून. ट्रॅश उघडलं तर अशी तीन पत्रं तिथे होती, कोटेशनइतकीच.

सर्व्हरनं एकदा मेल घेतला की दोनच गोष्टी करायच्या असतात: पोचवायचा, नाहीतर पोचवता आला नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. ते कळवणारं पत्र म्हणजे बाउन्स. त्यातला लांबलचक मजकूर सोडून द्या, तीन आकडी संकेत शोधा. 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर आपण होऊन पुन्हा प्रयत्न करणार आहे. 5 ने सुरू होत असेल तर ‘नाही’ हे उत्तर कायमचं आहे आणि काहीतरी बदलल्याशिवाय तोच मेल पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही.

4 वाल्या पत्रावर लोक हमखास चुकतात. ‘मेल उशिरा पोचेल’ अशी सूचना आली की तोच मेल पुन्हा पाठवतात, मग आणखी एकदा. जुना मेल रांगेत जिवंत असतो. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा मुद्दामच ‘थोड्या वेळानं या’ म्हणतात, कारण स्पॅम पाठवणारे बहुधा परत येत नाहीत आणि खरा सर्व्हर येतो. तो प्रयत्न अर्ध्या तासानं होईल, कधी जास्त वेळानंही. बहुतेक सर्व्हर दोन ते पाच दिवस चिकाटी धरतात. तेवढ्यात तुम्ही चार प्रती पाठवल्या तर समोरच्याला एकाच बिलाच्या पाच प्रती मिळतात, आणि मग पैसे कुठल्या बिलाचे द्यायचे ह्यावर वेगळा फोन.

उद्यमबागेतल्या तिन्ही पत्रांत मात्र हे होतं:

```
550 5.7.26
```

5 म्हणजे ठाम नकार. 5.7 हा गट सुरक्षा आणि धोरणाचा. पुण्याच्या कंपनीचे मेल गुगलच्या सर्व्हरवर येतात आणि तिथे ह्या आकड्याचा अर्थ असा की, हा मेल ज्या डोमेनचं नाव सांगतोय तिथूनच आलाय ह्याचा पुरावा मिळाला नाही. पत्ता बरोबर होता, पेटी भरलेली नव्हती, इंटरनेटही चालू होतं. मेल दारापर्यंत गेला होता आणि ओळख पटली नाही म्हणून परत आला होता.

(आकडा `550 5.1.1` असता तर गोष्ट सोपी होती: त्या नावाची पेटीच नाही. पत्ता नीट लिहा, झालं.)

बेळगाव की बेळगावी, हे स्पेलिंगवर सोडू नका

पत्त्यावरून आठवलं म्हणून जरा थांबतो, कारण ही चूक खास आपल्याकडची आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला शहराचं नाव कागदोपत्री बदललं. त्यामुळे काहींच्या डोमेनमध्ये `belgaum` आहे, काहींच्या `belagavi`, आणि घाईत `belgavi` लिहिणारे तर खूपच. @ च्या आधीच्या भागात चूक झाली तर लगेच 5.1.1 मिळतो आणि कळतं. @ च्या पुढे झाली तर कधीकधी काहीच कळत नाही.

त्याचं कारण असं. तुमचा सर्व्हर त्या चुकीच्या नावाच्या एमएक्स नोंदी शोधतो. नाव अस्तित्वातच नसेल तर बाउन्स ताबडतोब येतो. पण ते नाव कोणी तरी विकत घेऊन नुसतं ठेवलं असेल, एमएक्स नोंद नसेल पण वेबसाइटचा पत्ता असेल, तर नियमानुसार सर्व्हर त्या वेबसाइटच्या यंत्राचंच दार 25 नंबरवर वाजवतो. आत कोणी नसतं. उत्तर येत नाही, पण नकारही येत नाही, म्हणून सर्व्हर अडचण तात्पुरती समजून मेल रांगेत ठेवतो. निपाणीच्या एका व्यापाऱ्याला चुकीच्या पत्त्याचा बाउन्स असाच चौथ्या दिवशी मिळाला. तोवर टेंडर उघडलं होतं.

पाठवण्याआधी शंका असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डोमेन तपासा. इथे आणि पुढे मी नावं बनावट वापरलीत:

```
nslookup -type=mx karkhana.example
```

उत्तरात मेल सर्व्हरचं नाव दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर ते स्पेलिंग पुन्हा बघा.

एसपीएफची दुसरी ओळ टाकू नका

आता मूळ दुखणं. कोण कुठल्या डोमेनच्या नावानं मेल पाठवू शकतो, ह्याची यादी त्या डोमेनच्या मालकानं डीएनएसमध्ये जाहीर करायची असते. तिला एसपीएफ म्हणतात. समोरचा सर्व्हर ती वाचतो आणि मेल आणणारं यंत्र यादीत आहे का बघतो. गुगलनं फेब्रुवारी 2024 पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम ह्यातलं निदान एक बंधनकारक केलं. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. उद्यमबागेच्या डोमेनवर सही कधी चालूच केलेली नव्हती. सगळा भार एसपीएफवर होता. मी यादी मागवली:

```
nslookup -type=txt karkhana.example
```

उत्तर असं आलं:

```
v=spf1 include:_spf.mailseva.example ~all
v=spf1 include:spf.billing.example ~all
```

दोन्ही ओळी एकेकट्या अगदी बरोबर. पहिली त्यांच्या मेल सेवेची, जुनी. दुसरी नव्या बिलिंग सॉफ्टवेअरची. मालकांचा भाचा जवळच उभा होता. "मामा, ती मीच टाकली होती. सॉफ्टवेअरच्या सूचनांत होती तशीच्या तशी कॉपी केली." कधी टाकली? गेल्या आठवड्यात. कोटेशन कधीपासून परत येतंय? तेव्हापासूनच.

एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असावी लागते. दोन सापडल्या तर वाचणारा सर्व्हर त्यातली बरी वाटेल ती निवडत नाही, दोन्ही जोडतही नाही. तो तपासणीच थांबवतो आणि निकाल लिहितो `permerror`, म्हणजे कायमची चूक. यादी असून नसल्यासारखी. सूचना लिहिणाऱ्यांनी ‘ही ओळ घाला’ म्हटलं, पण ‘आधीची असेल तर तिच्यातच घाला’ हे म्हटलं नाही, आणि नेमकं त्या एका वाक्यावर गाडी अडली.

काही गिऱ्हाइकांना कोटेशन मिळत होतं ते का? कारण `permerror`चं काय करायचं हे प्रत्येक सर्व्हर आपापलं ठरवतो. गुगलनं दारातूनच परत पाठवलं. हुबळीच्या एका गिऱ्हाइकाच्या सर्व्हरनं स्पॅममध्ये टाकलं. कोल्हापूरच्या फौंड्रीच्या जुन्या सर्व्हरनं काही न बघता घेतलं. मालक म्हणत होते "काहींना जातंय, म्हणजे आमचं बरोबरच आहे". तो निष्कर्ष चुकीचा होता, पण स्वाभाविक होता.

आणि बिलं का पोचत होती? इथे मेलचा एक गुण माहीत असावा लागतो. प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक आतल्या कागदावरचा, जो आपल्याला ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो. दुसरा पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. बाउन्स पाकिटावरच्या पत्त्यावर जातो, आणि एसपीएफही पाकिटावरच्याच डोमेनचं तपासलं जातं. पोचलेल्या मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुरासोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदींत, तो `Return-Path` म्हणून दिसतो.

मी कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाकडून एका बिलाचं हेडर मागवलं. त्यात असं होतं:

```
Return-Path: <bounce-4471@billing.example>
From: accounts@karkhana.example
```

म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअर पाकिटावर स्वतःचंच नाव लिहीत होतं. बिलांची तपासणी त्यांच्या डोमेनच्या यादीवर होत होती आणि पास होत होती. उद्यमबागेच्या यादीशी बिलांचा संबंधच नव्हता. ती दुसरी ओळ बिलांना लागतच नव्हती, आणि जी कोटेशनं आधी सुरळीत जात होती त्यांची वाट मात्र तिनं बंद केली.

मी दुसरी ओळ काढून टाकली. तुमच्याकडे बाहेरची सेवा पाकिटावर तुमचंच डोमेन लिहीत असेल, तर ओळ काढायची नाही, दोन्ही एकात घ्यायच्या:

```
v=spf1 include:_spf.mailseva.example include:spf.billing.example ~all
```

`v=spf1` एकदाच, `~all` शेवटी एकदाच. आणि `include`ची माळ लावू नका. तपासताना डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं तर निकाल पुन्हा `permerror`च येतो, आणि एका `include`च्या पोटात आणखी तीन असू शकतात. बंद केलेल्या सेवांची नावं यादीतून काढत राहा.

बदल केल्याकेल्या मालकांनी कोटेशन पुन्हा पाठवलं आणि ते पुन्हा परत आलं. "अजून तेच येऊलाय की!" डीएनएसच्या प्रत्येक नोंदीला ती किती वेळ साठवून ठेवायची हे लिहिलेलं असतं. इथे 14400 सेकंद होते, म्हणजे चार तास. ज्यांनी जुनी नोंद साठवली होती ते तेवढा वेळ जुनंच बघणार. मी सांगितलं, संध्याकाळपर्यंत हात लावू नका. ह्याच चार तासांत लोक घाबरून तिसरा बदल करतात आणि नंतर कशानं बरं झालं हे कोणालाच सांगता येत नाही.

वेळ होता म्हणून मेल सेवेच्या सेटिंगमधून डीकेआयएम सहीही चालू करून टाकली.

हेडर वरून खाली वाचू नका

संध्याकाळी कोटेशन पोचलं. पुण्याच्या खरेदी विभागातल्या बाईंनी हेडर कॉपी करून पाठवलं. भाचा ते बघून म्हणाला, "सर, पोचलं खरं, पण साडेपाच तास मागं कसं दाखवूलाय?" त्यातला कामाचा भाग, नावं बदलून:

```
Received: from mx1.grahak.example by store.grahak.example;
  Tue, 10 Jun 2025 12:12:09 +0000
Received: from out3.mailseva.example by mx1.grahak.example;
  Tue, 10 Jun 2025 12:12:05 +0000
Received: from [192.168.1.14] by smtp.mailseva.example;
  Tue, 10 Jun 2025 17:40:58 +0530
```

प्रत्येक सर्व्हर मेल हातात आला की आपला `Received` शिक्का सगळ्यात वर मारतो. म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. सगळ्यात खालची ओळ उद्यमबागेतल्या कॉम्प्युटरची, 17:40:58, आणि शेवटी `+0530` म्हणजे आपली वेळ. तिच्या वरची 12:12:05, पण `+0000` म्हणजे जागतिक वेळ. साडेपाच तास मिळवले की 17:42:05. म्हणजे मेल सेवेच्या रांगेतून पुण्याच्या दारापर्यंत 67 सेकंद, आणि दारापासून पेटीपर्यंत आणखी चार. मेल मागंही गेला नव्हता आणि उशीरही झाला नव्हता.

खरोखर उशीर झाला असेल तेव्हा हेच शिक्के कामाला येतात. दोन शिक्क्यांमध्ये मोठं अंतर जिथे दिसेल तिथे मेल अडकला होता. वरून मोजून तिसऱ्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असेल तर तुमच्या मेल सेवेला विचारा, दुसऱ्या आणि पहिल्याच्या मध्ये असेल तर गिऱ्हाइकाच्या आयटी माणसाला. एक सावधगिरी: समोरच्याच्या स्वतःच्या सर्व्हरनं मारलेल्या शिक्क्यांवर विश्वास ठेवा. त्यांच्याखालचे शिक्के मेलबरोबरच आलेले असतात आणि फसवणाऱ्या मेलमध्ये ते बनावटही असू शकतात. विषय मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर हेडरमध्ये तो `=?UTF-8?B?` ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतो. त्यात बिघाड काही नाही.

त्याच हेडरमध्ये `Authentication-Results` नावाची ओळ असते. सकाळी हुबळीच्या गिऱ्हाइकाच्या स्पॅममधून काढलेल्या मेलमध्ये तिथे `spf=permerror` होतं. संध्याकाळच्या मेलमध्ये `spf=pass` आणि `dkim=pass`.

फॉरवर्डवर भरवसा ठेवून पत्ता जुनाच छापू नका

निघता निघता मालकांनी आणखी एक तक्रार काढली. त्यांचा एक जुना पत्ता आहे, व्हिजिटिंग कार्डवर अजून तोच छापलाय, आणि त्यावर आलेले मेल नव्या पत्त्यावर आपोआप ढकलले जातात. काही येतात, काही येत नाहीत.

हा एसपीएफचाच पुढचा अध्याय. गिऱ्हाइकाचा मेल जुन्या सर्व्हरवर येतो तेव्हा यादी जुळते. जुना सर्व्हर तो पुढे ढकलतो तेव्हा पाकिटावर नाव बहुधा गिऱ्हाइकाचंच राहतं, पण आणून देणारं यंत्र जुन्या सर्व्हरचं असतं. ते गिऱ्हाइकाच्या यादीत कसं असणार? एसपीएफ नापास. गिऱ्हाइकाच्या मेलवर डीकेआयएम सही असेल तर ती मजकुरावर असते, वाटेत कोणी मजकूर बदलला नाही तर टिकते आणि मेल आत येतो. सही नसलेल्यांचे मेल अडतात. म्हणून काही येतात, काही नाहीत.

काही फॉरवर्ड करणारे सर्व्हर पाकिटावरचं नाव बदलून ही अडचण टाळतात, पण मालकांच्या जुन्या सेवेत तशी सोय नव्हती. मी त्यांना ढकलणं बंद करून, नव्या पेटीतून जुन्या पेटीतले मेल थेट ओढून घ्यायची सोय लावून दिली. त्यात मेल पुन्हा कोणाच्या दारावर जात नाही, त्यामुळे ओळख पटवण्याचा प्रश्नच येत नाही. कार्डं मात्र नवीन छापायला सांगितली. मालक म्हणाले, पाचशे अजून शिल्लक हाईत, संपली की छापतो.